सहा महिने तिकडे म्हणजे निम्मा पगार तिकडचा नव्हे

मी चाकणच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे. कंपनीने मला जुलै ते डिसेंबर २०२५ असे सहा महिने श्टुटगार्टच्या मूळ कंपनीत पाठवलं होतं. वर्षाचा २४ लाख पगार पुण्यातच जमा होत राहिला, पण त्या सहा महिन्यांचा खर्च जर्मन कंपनीने भरून दिला. शिवाय तिथे महिना १,२०० युरो भत्ता मिळायचा. तिकडे सुमारे २,६०० युरो कर कापला गेला आणि इकडे पूर्ण पगारावर टीडीएसही कापला. दिवाळीला दोन आठवडे घरी आले होते. त्यातला पहिला आठवडा रजा होती, दुसऱ्या आठवड्यात घरून काम केलं. नवरा आणि मुलगी इथेच होते. एक सहकारी म्हणतो, १८३ दिवस भरलेच नाहीत, तिकडे कर लागायलाच नको होता. आमचे सीए म्हणतात, सहा महिने तिकडे, सहा इकडे, पगार निम्मा-निम्मा दाखवा. मार्च २०२६ मध्ये मिळालेला ३ लाखांचा बोनस मात्र पूर्ण भारतातला. कुणाचं खरं? दिवसांची नोंद सोबत जोडली आहे.
— एक वाचक, कोथरूड

दोघांचंही खरं नाही, पण दोघंही का चुकले ते समजण्यासारखं आहे. तुमच्या प्रकरणात दिवस तीन वेगवेगळ्या कामांसाठी मोजायचे आहेत आणि तिन्हींचे नियम निराळे आहेत. भारतात किती दिवस राहिलात, हा पहिला हिशेब. त्यावरून तुम्ही इथल्या रहिवासी की अनिवासी ते ठरतं. जर्मनीत किती दिवस होतात, हा दुसरा. सहकाऱ्याचे १८३ ते हेच. आणि कुठे बसून किती दिवस काम केलंत, हा तिसरा. पगाराची वाटणी फक्त या तिसऱ्या हिशेबावर होते. पहिल्या दोन्हींत रविवार, सुट्ट्या, रजा सगळं धरतात. तिसऱ्यात यातलं काहीच धरत नाहीत.

भारतापासून सुरुवात करू. तुमच्या नोंदीप्रमाणे ३० जूनला रात्री तुम्ही मुंबई विमानतळावरून निघालात आणि १ जानेवारीला पहाटे परत उतरलात. एप्रिल ते जून ९१ दिवस, जानेवारी ते मार्च ९० दिवस, मिळून १८१. दिवाळीत १८ ऑक्टोबरला आलात, १ नोव्हेंबरला पहाटे गेलात, ते १५ दिवस. एकूण १९६. भारतात १८२ किंवा जास्त दिवस राहणारी व्यक्ती त्या आर्थिक वर्षाची रहिवासी, त्यामुळे तुम्ही २०२५-२६ साठी रहिवासी आहात. दिवाळीला आला नसतात तर आकडा १८१ वर अडकला असता आणि मग ३० जूनच्या रात्री इमिग्रेशनचा शिक्का बारा वाजायच्या आधीचा की नंतरचा यावर वाद घालत बसावं लागलं असतं. युरोपची विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, तिकिटावर एक तारीख आणि पासपोर्टवर दुसरी, असं सर्रास होतं. काठावर असणाऱ्यांनी पासपोर्टच बघावा. तुम्हाला ती चिंता नाही.

रहिवासी असल्यामुळे जगात कुठेही मिळालेला तुमचा पगार भारतात करपात्र आहे, जर्मनीतला भत्ता धरून. इथे बरेच जण गफलत करतात. पगाराचा जर्मन भाग वेगळा काढला म्हणजे तो भारतीय रिटर्नमधून वगळायचा, अशी समजूत असते. वगळायचं काहीच नाही. वाटणी एवढ्यासाठीच की कुठल्या रकमेवर जर्मनीचाही हक्क आहे आणि म्हणून भारताने किती कराची वजावट द्यायची, हे ठरावं. सहा महिने तिथे भाड्याच्या घरात राहिल्यामुळे जर्मनीही आपल्या कायद्याने तुम्हाला रहिवासी म्हणू शकेल. पण नवरा, मुलगी, कायमचं घर आणि नोकरी पुण्यात आहे. दोन्ही देशांतल्या करारातला जिव्हाळ्याच्या संबंधांचा निकष लावला की पारडं भारताकडेच झुकतं.

आता १८३. जर्मनीतला तुमचा मुक्काम तारखांनी १८४ दिवसांचा. त्यातून जे दिवस पूर्णपणे जर्मनीबाहेर गेले ते वजा होतात, येण्याजाण्याचे अर्धवट दिवस होत नाहीत. दिवाळीचे १८ ते ३१ ऑक्टोबर हे १४ दिवस आणि सप्टेंबरमध्ये चेक प्रजासत्ताकातल्या पुरवठादाराकडे गेलात ते पूर्ण ३ दिवस वजा केले की उरतात १६७. म्हणजे १८३ भरले नाहीत, हे सहकाऱ्याचं म्हणणं बरोबर. पण भारत-जर्मनी कराराच्या कलम १५ मधली ही सूट तीन अटींची आहे आणि तिन्ही एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. दुसरी अट अशी की पगार देणारा मालक जर्मनीचा रहिवासी नसावा, आणि तिसरी अशी की पगाराचा बोजा त्या मालकाच्या जर्मनीतल्या कायमस्वरूपी आस्थापनेवर पडू नये. तुमच्या पगारपत्रकावर चाकणच्या कंपनीचं नाव असलं तरी त्या काळात तुम्ही श्टुटगार्टच्या टीममध्ये, त्यांच्या देखरेखीखाली काम केलंत आणि खर्च त्यांनीच उचलला. अशा वेळी जर्मन करखातं त्या कंपनीलाच आर्थिक मालक मानतं. दुसरी अट तिथेच मोडली. म्हणून पहिल्या कामाच्या दिवसापासून जर्मनीचा हक्क लागू झाला आणि तिथे कर कापला ते योग्यच झालं.

पण किती पगारावर? इथे सीएंच्या निम्म्या-निम्म्याला मी तयार नाही. करारात नोकरी ज्या देशात ‘बजावली’ त्या देशाचा हक्क सांगितला आहे, आणि नोकरी बजावली जाते ती माणूस प्रत्यक्ष जिथे बसून काम करतो तिथे. पैसे कुणी दिले, कुठल्या खात्यात आले, लॅपटॉप कुठल्या सर्व्हरला जोडलेला होता, याने जागा बदलत नाही. जर्मन करखातंही गेली कित्येक वर्षं प्रत्यक्ष कामाच्या दिवसांनीच वाटणी करतं. शनिवार-रविवार, सार्वजनिक सुट्ट्या, रजा आणि आजारपणाचे दिवस अंशातही नाहीत आणि छेदातही नाहीत. रजेचा पगार मग आपोआप त्याच प्रमाणात वाटला जातो.

तुमच्या नोंदीवर हे लावून बघू. जुलै ते डिसेंबर २०२५ मध्ये सोमवार ते शुक्रवार असे १३२ दिवस येतात. श्टुटगार्टच्या सुट्ट्यांपैकी कामाच्या वारी आलेल्या तीन: ३ ऑक्टोबर आणि नाताळचे २५ व २६ डिसेंबर. १ नोव्हेंबरची सुट्टी शनिवारी पडली, ती मोजायची नाही. दिवाळीच्या पहिल्या आठवड्यातली ५ दिवसांची रजा आणि डिसेंबरअखेरची ४ दिवसांची रजा काढली की प्रत्यक्ष कामाचे १२० दिवस उरतात. यातले ३ चेक प्रजासत्ताकातले, तेव्हा जर्मनीचे नाहीत. ते काम श्टुटगार्टच्या प्रकल्पाचं होतं हे खरं, पण तुम्ही जर्मनीत नव्हतात. आणि २७ ते ३१ ऑक्टोबर हे ५ दिवस तुम्ही कोथरूडच्या घरातून काम केलंत, ते भारताचे. जर्मनीचे उरले ११२.

म्हणजे त्या सहा महिन्यांच्या १२ लाख पगाराचे १२० पैकी ११२ भाग, अर्थात ११,२०,००० रुपये जर्मनीचे. उरलेले ८०,००० भारताचे, त्यातच चेक प्रजासत्ताकातल्या तीन दिवसांचे ३०,००० आले. एप्रिल ते जून आणि जानेवारी ते मार्चचा पगार पूर्ण भारताचा, त्याला हात लावायचा नाही. मी मुद्दाम फक्त नेमणुकीच्या काळाचा पगार त्याच काळाच्या दिवसांनी वाटला. पूर्ण आर्थिक वर्ष धरायचं तर पुण्यातले तुमचे कामाचे ११८ दिवस छेदात मिळवावे लागतील. मग २३८ पैकी ११२ आणि २४ लाखांतून सुमारे ११,२९,४०० येतात. फरक साडेनऊ हजारांच्या आतबाहेर. अडचण रकमेची नाही. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. पूर्ण वर्ष धरलं की दोन्हीकडचे छेद वेगळे होतात आणि एकाच पगाराचे दोन आकडे दोन खात्यांपुढे जातात. जर्मन कार्यालय आपल्या कॅलेंडर वर्षाचा छेद धरून थोडा वेगळा आकडा काढू शकतं. तसं झालं तर दोन्ही आकडे कसे आले याचा एक पानी ताळा तयार ठेवा, म्हणजे विचारणा आली की शोधाशोध नको.

भत्त्याला हे गणित लावायचंच नाही. १,२०० युरोंचा भत्ता केवळ जर्मनीतल्या नेमणुकीसाठीच होता, म्हणून तो थेट आणि पूर्ण जर्मनीच्या बाजूला जातो. आधी अशा थेट चिकटलेल्या रकमा बाजूला काढायच्या आणि मग उरलेलं दिवसांनी वाटायचं, हा क्रम महत्त्वाचा. सगळं एकत्र करून वाटलं तर भत्त्याचाही तुकडा भारताच्या बाजूला येतो आणि जर्मनीचा आकडा कमी दिसतो. सहा महिन्यांचे ७,२०० युरो होतात. हिशेब सोपा राहावा म्हणून मी इथे १०० रुपयांचा दर धरून ७,२०,००० म्हणतो. रिटर्न भरताना ज्या महिन्यात भत्ता देय झाला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर लावायचा, म्हणजे सहा महिन्यांना सहा दर.

बोनसचं सीएंनी जे केलं ते सगळ्यात जास्त दिसणारं चुकीचं उत्तर आहे. मार्चमध्ये तुम्ही पुण्यात होतात, पैसे पुण्यात आले, म्हणून बोनस भारताचा, असं त्यांचं म्हणणं. पण तो मिळाला कशाबद्दल? तुमच्या पत्रासोबतच्या कागदात तो कॅलेंडर वर्ष २०२५ च्या कामगिरीचा असल्याचं लिहिलं आहे. मग तो त्याच वर्षाच्या कामाच्या दिवसांनी वाटायचा. जानेवारी ते जून २०२५ मध्ये तुम्ही पुण्यात १२० दिवस काम केलंत, पुढच्या सहा महिन्यांत एकूण १२०. त्या २४० पैकी ११२ जर्मनीचे, म्हणून ३ लाखांतले १,४०,००० जर्मनीचे. पगाराचा छेद आणि बोनसचा छेद वेगळा आहे हे लक्षात आलं असेलच. प्रत्येक रकमेचा छेद ती ज्या काळात कमावली त्या काळाचा.

या १,४०,००० चं आणखी एक त्रांगडं आहे. जर्मनीत बोनस हातात पडला त्या वर्षी, म्हणजे २०२६ मध्ये करपात्र होतो. तुम्ही परत आलात म्हणून तिथल्या पगार विभागाने तुमची फाइल बंद केली असेल, तर त्यावर कर कापलाच गेला नसेल. त्यांना आजच लिहून विचारा. जोवर तिथे कर भरलेला नाही तोवर त्या रकमेपुरती भारतात वजावट मागता येत नाही. पूर्ण ३ लाख मात्र यंदाच्या रिटर्नमध्ये दाखवायचेच.

आता निम्म्या-निम्म्याने नेमकं नुकसान कुठे होतं ते सांगतो. तुमच्या नोंदींवरून जर्मन कंपनीनेही सहा महिन्यांचा पूर्ण १२ लाख पगार जर्मनीचा धरून कर कापलेला दिसतो. म्हणजे पुण्यातल्या आणि चेक प्रजासत्ताकातल्या दिवसांच्या ८०,००० वरही जर्मन कर गेला, ज्यावर करारानुसार जर्मनीचा हक्कच नव्हता. तुम्हाला वाटेल, तिकडे गेला तर जाऊ दे, इकडे वजावट मिळेल. मिळणार नाही. प्राप्तिकर नियम १२८ प्रमाणे परदेशात भरलेला कर करारानुसार देय असलेल्या करापेक्षा जास्त असेल, तर वरचा भाग विचारात घेतला जात नाही. तो जर्मनीकडूनच परत मागावा लागतो, आणि त्यासाठी तिथलं वार्षिक विवरणपत्र भरावं लागतं.

ते भरताना परताव्याची फार आशा धरू नका, असंही सांगून ठेवतो. भारतातल्या मिळकतीवर जर्मनी कर लावणार नाही, पण तुमच्या कराचा दर ठरवताना ती मिळकत मोजू शकते. तिथल्या कायद्यात तशी तरतूद आहे. ८०,००० वगळल्यामुळे कर कमी होईल आणि दर चढल्यामुळे वाढेल. अंतिम आकडा कुठे जाऊन थांबला ते करखात्याच्या निर्णयपत्रात, ज्याला तिथे बेशाइड म्हणतात, त्यात लिहिलेलं असतं. भारतात वजावट मागायची ती त्या आकड्याची. पगारातून कापलेली रक्कम हा केवळ आगाऊ हप्ता.

भारतातली बाजू आकड्यांत मांडतो. पगार २४ लाख, बोनस ३ लाख, भत्ता ७.२ लाख, एकूण ३४,२०,०००. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ३३,४५,००० उरतात आणि त्यावर उपकरासह ६,०६,८४० रुपये कर होतो. जर्मनीत कर लागलेली मिळकत सध्या ११.२ लाख पगार आणि ७.२ लाख भत्ता, मिळून १८,४०,०००. एकूण मिळकतीत तिचा वाटा जेवढा, तेवढाच भारतीय कराचा वाटा, म्हणजे सुमारे ३,२६,५०० रुपये. ही वजावटीची कमाल मर्यादा. जर्मन कर आणि ही मर्यादा यांपैकी जी रक्कम कमी ती मिळते. निर्णयपत्रात समजा २,४०० युरो आले, तर त्याच दराने २,४०,००० होतात आणि पूर्ण मिळतात. कराचं रूपांतर करताना तो भरला किंवा कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा टीटी खरेदी दर.

आता इथेच टीडीएसकडे बघा. कंपनीने पगार आणि बोनस धरून कर कापला असेल तर तो सुमारे ३,८२,२०० येतो. भत्ता जर्मन कंपनीने परस्पर दिला, त्यामुळे तुमच्या फॉर्म १६ मध्ये तो बहुधा नाहीच. तो मिळवला की २,२४,६४० रुपये कर अंगावर येतो, आणि वजावट नीट घेतली तर उलट पंधराएक हजार परत मिळतात. फॉर्म १६ वर डोळे मिटून रिटर्न भरणाऱ्यांचा भत्ता राहून जातो, आणि वर्षा-दोन वर्षांनी नोटीस आली की तेव्हा व्याजही भरावं लागतं.

वजावटीसाठी फॉर्म ६७ ऑनलाइन भरायचा. तो मूल्यांकन वर्षाच्या अखेरपर्यंत, म्हणजे ३१ मार्च २०२७ पर्यंत चालतो, पण रिटर्नमध्ये वजावट मागायची असल्याने मी आधी फॉर्म ६७ आणि मगच रिटर्न, असा क्रम ठेवतो. त्याला जर्मन कंपनीने दिलेलं वार्षिक पगार-कर प्रमाणपत्र आणि हाती आलं असेल तर निर्णयपत्र जोडा, सोबत साधं भाषांतर. त्या प्रमाणपत्रावर पेन्शन किंवा बेकारी विम्याची कपात दिसली तर ती करात मिळवू नका. ती सामाजिक सुरक्षेची वर्गणी आहे आणि तिची वजावट मिळत नाही. रिटर्न आयटीआर-२ लागेल. परदेशी मिळकत एफएसआय शेड्यूलमध्ये, वजावट टीआर शेड्यूलमध्ये आणि श्टुटगार्टचं बँक खातं एफए शेड्यूलमध्ये, खात्यात आज दहा युरो उरले असले तरी.

दिवसांची तुमची नोंद चांगली आहे, पण तिला आधार लागेल. पुण्यातल्या पाच दिवसांसाठी पासपोर्टचे शिक्के आणि कंपनीच्या टाइमशीटमधली ‘घरून काम’ ही नोंद पुरेशी आहे. रजेच्या दिवसांना रजेचा अर्ज. पंचाईत चेक प्रजासत्ताकातल्या तीन दिवसांची आहे, कारण शेंगेनच्या आत सीमा ओलांडताना शिक्का बसत नाही. तिथल्या हॉटेलचं बिल आणि रेल्वेचं तिकीट आत्ताच प्रवासखर्चाच्या प्रणालीतून उतरवून घ्या. नेमणूक संपल्यावर जर्मन कंपनी तुमचं लॉगिन कधी बंद करेल याचा नेम नाही.